काळ्या चौकटीखाली मजकूर उरला आहे का?

8 जानेवारी 2019 रोजी पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात एक पीडीएफ दाखल केली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या 2016 च्या प्रचारमोहिमेचे प्रमुख राहिलेल्या मॅनाफोर्ट यांच्यावर विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांनी खोटे बोलल्याचा ठपका ठेवला होता, त्याला हे उत्तर होते. त्यातले काही परिच्छेद गोपनीय असल्याने काळ्या पट्ट्यांनी झाकलेले होते. कागदपत्र सर्वांना खुले झाले आणि पत्रकारांनी त्या पट्ट्यांवरून माउस ओढला, कॉपी केले आणि दुसरीकडे चिकटवले. पट्ट्यांखालचा सगळा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा बाहेर आला. मॅनाफोर्ट यांनी आपले व्यावसायिक सहकारी कॉन्स्टँटिन किलिम्निक यांना निवडणुकीच्या मतचाचणीची माहिती दिली होती, दोघांची युक्रेनसाठीच्या शांतता योजनेवर चर्चा झाली होती, ते माद्रिदला भेटले होते, असे आरोप सरकारी बाजूने केल्याचे त्यातून जगाला कळले. त्यासाठी कुणाला कुलूप तोडावे लागले नाही की खास सॉफ्टवेअर लागले नाही.

ही चूक फक्त मोठ्या खटल्यांत होते असे नाही. 2011 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातले संशोधक टिमथी ली यांनी अमेरिकी न्यायालयांची सुमारे 18 लाख कागदपत्रे संगणकाने चाळली, तेव्हा अशी फसलेली झाकणी 194 कागदपत्रांत सापडली. आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 नुसार देता न येण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती अर्जदाराला द्यायची असते. म्हणजे झाकण्याचे हे काम तहसील कचेरीतला कारकूनही करतो. गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्यापूर्वी सदस्यांचे खाते क्रमांक झाकणारा सचिवही तेच करतो. म्हणून पाठवण्याआधी ही तपासणी कशी करायची आणि ती कुठे फसवते, ते नीट समजून घेऊ.

चौकट वेगळी, अक्षरे वेगळी

पीडीएफ पान म्हणजे छायाचित्र नव्हे, तर पान कसे रंगवायचे याच्या सूचनांची यादी असते. या ठिकाणी या टंकात ही अक्षरे काढ, मग तिथे ही रेघ ओढ, अशा सूचना वाचक प्रोग्राम क्रमाने पाळत जातो. एक साधा नमुना पाहू. ए-4 पानावर एक पॅन क्रमांक आहे आणि त्यावर काळा आयत काढला आहे. पानाच्या पोटात हे असे दिसते:

```
BT /F1 12 Tf 72 700 Td (PAN: ABCDE1234F) Tj ET
0 0 0 rg
102 696 80 14 re f
```

पहिली ओळ सांगते की 12 आकाराच्या टंकात, डाव्या कडेपासून 72 आणि तळापासून 700 एककांवर ही अक्षरे लिही. 72 एकके म्हणजे एक इंच. दुसरी ओळ काळा रंग निवडते. तिसरी 80 रुंद आणि 14 उंच आयत काढून तो भरते. आयत नंतर आला म्हणून तो अक्षरांच्या वर बसला. पहिली ओळ मात्र जागेवरच आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. कॉपी करणारा प्रोग्राम रंग बघतच नाही. तो फक्त अक्षरांच्या ओळी वाचतो.

वर्डमध्ये अक्षरांमागची पार्श्वभूमी काळी करून पीडीएफ बनवली किंवा अक्षरांचाच रंग पांढरा केला, तरी घडते ते हेच. डोळ्यांना दिसेनासे झाले, फाइलमधून गेले नाही.

खऱ्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून असे काही दिसत नाही, कारण या सूचना सहसा दाबून लहान केलेल्या असतात. qpdf या मोफत साधनाने त्या उलगडता येतात. रोजच्या तपासणीला मात्र एवढे खोल जायची गरज नसते.

पहिली तपासणी: माउस आणि नोटपॅड

जी फाइल पाठवायची आहे तीच उघडा. तिची आधीची आवृत्ती नको, वर्डची मूळ फाइल नको. तीही संगणकावर उघडा, कारण मोबाइलवरचे कित्येक पीडीएफ वाचक मजकूर धड निवडूच देत नाहीत आणि तिथे काही निवडता आले नाही याचा अर्थ काहीच होत नाही. आता चौकटीच्या आधीच्या शब्दावर माउस दाबून धरा आणि चौकटीच्या पलीकडच्या शब्दापर्यंत ओढत न्या. चौकटीच्या आतूनच ओढायला सुरुवात केली तर काही प्रोग्राम चौकटच निवडतात आणि खाली काही नसल्याचा भास होतो. Ctrl+C दाबा आणि नोटपॅडमध्ये Ctrl+V करा. नोटपॅडच का, तर वर्डमध्ये चिकटवल्यावर काळी पार्श्वभूमी किंवा पांढरा रंग अक्षरांसोबत येऊ शकतो आणि जागा रिकामी दिसते. नोटपॅडला रंग कळत नाहीत, त्यामुळे जे आहे ते उघडे पडते.

नंतर पूर्ण दस्तऐवज Ctrl+A ने निवडून तसाच चिकटवा आणि झाकलेल्या प्रत्येक जागेच्या आजूबाजूचे वाक्य नोटपॅडमध्ये शोधा. आपल्या नमुन्यात चौकट असतानाही नोटपॅडमध्ये `PAN: ABCDE1234F` असे उमटेल. खरोखर खोडलेल्या फाइलीत `PAN:` नंतर काहीच नसेल.

काही जण यावर फाइलीला ‘कॉपी करू नये’ असे बंधन घालतात. उघडण्याचा पासवर्ड नसेल आणि फक्त हे बंधन असेल तर त्यावर विसंबू नका. हे बंधन पाळायचे की नाही हे वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हातात असते आणि ते न जुमानणारे प्रोग्राम भरपूर आहेत.

मराठी मजकूर इथे फसवतो

या विषयावरची बहुतेक माहिती इंग्रजी कागदपत्रे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. मराठीत एक वेगळीच अडचण येते आणि माझ्या मते आपल्या कचेऱ्यांसाठी खरा धोका तोच आहे.

समजा, चौकटीखाली ‘निधी’ हा शब्द आहे. तुम्ही Ctrl+F दाबून ‘निधी’ शोधता, प्रोग्राम काही सापडले नाही असे सांगतो आणि तुम्ही निर्धास्त होता. प्रत्यक्षात शब्द तिथेच असतो. पीडीएफमध्ये देवनागरी अक्षरे अनेकदा दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात. ऱ्हस्व इकार डोळ्यांना व्यंजनाआधी दिसतो, म्हणून कॉपी केल्यावर तो आधी येतो आणि ‘निधी’चे ‘िनधी’ होते. जोडाक्षरांचे तर आणखी हाल होतात. कुठला आकार म्हणजे कुठले अक्षर हे सांगणारा तक्ता पीडीएफमध्ये अपुरा असला की त्यांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे येतात. शोध फसतो, पण माणूस तो विस्कटलेला मजकूर वाचू शकतो. त्यातही इंग्रजी अंक बहुधा धड येतात, आणि आपण झाकतो ते खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि आधार क्रमांकच असतात.

जुन्या टंकांची गोष्ट याहून अवघड आहे. युनिकोड रुळण्याआधी आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी कृतिदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या टंकांत मजकूर लिहिला जातो. त्यांत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, फक्त त्यांचे आकार देवनागरी काढलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलेली ओळ कॉपी केली तर नोटपॅडमध्ये `Hkkjr` येते. झाकलेल्या परिच्छेदातून असे काही बाहेर आले की कारकुनाला वाटते, निरर्थक आहे, चला सुटलो. पण कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेणारे मोफत परिवर्तक कुणालाही वापरता येतात आणि तो मजकूर क्षणात वाचनीय होतो.

म्हणून मराठी फाइल तपासताना शोधपेटीवर भरवसा ठेवू नका. झाकलेल्या जागेतून काहीही बाहेर आले, मग ते अर्थहीन दिसो, मोडके दिसो किंवा नुसते चौकोन असोत, झाकणी फसली असेच माना. आजूबाजूच्या उघड्या मजकुराशी तुलना केली की शंका मिटते. तोही तसाच विस्कटलेला येत असेल तर चौकटीखालचा मजकूर त्याच टंकातला आहे आणि जिवंत आहे.

दुसरी तपासणी: आज्ञा देऊन

शंभर पानांची फाइल असेल तर माउस ओढत बसणे शक्य नाही, आणि थकलेले डोळे नेमकी एक जागा सोडतात. अशा वेळी `pdftotext` हे छोटे साधन उपयोगी पडते. लिनक्सवर ते पॉप्लर या संचातून मिळते, विंडोज आणि मॅकवरही बसवता येते. आज्ञा एवढीच:

```
pdftotext -layout namuna.pdf -
```

पानावरचा सगळा मजकूर जागा सांभाळून पडद्यावर येतो. कॉपी करू नये असे बंधन असेल तर हे साधन नकार देऊ शकते, म्हणून तपासणी बंधन घालण्यापूर्वी करावी. झाकलेल्या जागांची यादी हाताशी ठेवून प्रत्येक ठिकाणी बाहेर काय आले ते पाहा.

दुसरे साधन खास याच कामासाठी लिहिलेले आहे. अमेरिकेतल्या ‘फ्री लॉ प्रोजेक्ट’ या संस्थेने न्यायालयीन कागदपत्रांतली फसलेली झाकणी शोधायला x-ray नावाचा पायथन प्रोग्राम मोफत खुला केला आहे. तो पानावरचे आयत शोधतो, त्यांच्या जागेत अक्षरे आहेत का ते पाहतो आणि मग तो भाग रंगवून एकाच रंगाचा दिसतो का हे तपासतो. एकाच रंगाचा दिसत असूनही खाली अक्षरे असतील तर ती झाकलेलीच. आपल्या नमुन्यावर तो चालवला की असे उत्तर येते:

```
xray namuna.pdf
{"1": [{"bbox": [102.0, 132.0, 182.0, 146.0], "text": "ABCDE1234F"}]}
```

पहिला 1 म्हणजे पान, पुढचे चार आकडे चौकटीच्या कडा आणि शेवटी खालचा मजकूर. इथे उंची पानाच्या वरच्या कडेपासून मोजलेली आहे, म्हणून 696 च्या जागी 146 दिसते. नुसते `{}` आले तर या पद्धतीने झाकलेले काही सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आयताऐवजी दुसऱ्या रीतीने झाकलेले त्याला दिसेलच असे नाही, म्हणून `pdftotext`ची तपासणी त्याच्या जोडीला हवीच.

हलणारी चौकट आणि स्कॅनमागचा थर

पीडीएफ वाचकांत शेरे लिहायची, आकृत्या काढायची सोय असते आणि बरेच जण त्यातलाच काळा आयत वापरतात. असा आयत पानाचा भागसुद्धा नसतो. तो कागदावर टाचणीने लावलेल्या चिठ्ठीसारखा असतो. चौकटीवर एकदा टिचकी मारा. तिच्या कडांना धरायचे ठिपके आले, ती ओढून बाजूला सरकली किंवा Delete दाबल्यावर गेली, तर कॉपी करायचीही गरज उरत नाही.

‘प्रिंट टू पीडीएफ’ केले की चौकट पक्की होते, म्हणून तो उपाय पुष्कळजण सुचवतात. चौकट खरोखर पक्की होते, पण प्रोग्रामप्रमाणे खालची अक्षरे नव्या फाइलीतही तशीच येऊ शकतात. नव्या फाइलीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

स्कॅन केलेल्या कागदाबद्दल लोक फारच निश्चिंत असतात. तो फोटोच आहे, त्यातून काय कॉपी होणार, असे वाटते. पण कचेऱ्यांतली बरीच स्कॅनयंत्रे आणि मोबाइल अ‍ॅप फोटोतली अक्षरे ओळखून, त्यांचा न दिसणारा थर फोटोसोबत फाइलीत ठेवतात. शोध घेता यावा हा त्यामागचा चांगला हेतू असतो. आता फोटोवर काळे फासले तर फोटोतला मजकूर गेला, पण तो अदृश्य थर तसाच राहिला. स्कॅनमध्ये माउसने ओळी निवडता येत असतील तर हा थर आहे असे समजा आणि वरच्या दोन्ही तपासण्या करा.

कागदावरच मार्करने खोडून मग स्कॅन करणेही प्रत्येक वेळी पुरत नाही. जून 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनी कंपनीच्या कागदपत्रांवर मार्कर फिरवून ती स्कॅन केलेली होती, आणि काळ्या शाईआडून आकडे वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ या व्हिडिओ गेमचा सुमारे 22 कोटी डॉलर खर्च जगाला असाच कळला. अशा स्कॅनची परीक्षा म्हणजे प्रतिमा मोठी करून तिचा उजेड आणि गडदपणा कमी-जास्त करून बघणे.

पान स्वच्छ, तरी फाइल स्वच्छ नाही

पानावरून काहीच निघाले नाही तरी दोन जागा बघायच्या राहतात.

पहिली जागा बुकमार्कची, म्हणजे डावीकडे उघडणाऱ्या अनुक्रमाची. 29 जानेवारी 2021 रोजी युरोपियन कमिशनने अ‍ॅस्ट्राझेनेकाशी केलेला लस खरेदीचा करार काही भाग झाकून जाहीर केला. पानावरचा मजकूर नीट झाकलेला होता, पण फाइलीतल्या बुकमार्कमध्ये कलमांचा मजकूर तसाच राहून गेला होता. अ‍ॅडोबी रीडरमध्ये बुकमार्क उघडताच झाकलेले पुष्कळ काही वाचता आले. हीच गत शेऱ्यांची, जोडलेल्या फाइलींची आणि फाइलीच्या गुणधर्मांत लिहिलेल्या शीर्षकाची होऊ शकते. शीर्षक फार सहज विसरले जाते. आत नाव झाकायचे आणि गुणधर्मांत तेच नाव शीर्षक म्हणून राहायचे, हे अगदी शक्य आहे.

दुसरी जागा फाइलीच्या शेपटीत आहे. काही प्रोग्राम बदल जतन करताना जुना भाग न काढता नवा भाग शेवटी जोडतात. पान नवे दिसते, जुने पान फाइलीत तसेच पडून राहते आणि जाणकाराला ते काढता येते. प्रत्येक जतनीच्या शेवटी `%%EOF` ही खूण असते. लिनक्स किंवा मॅकवर ती मोजता येते:

```
grep -a -c '%%EOF' namuna.pdf
```

एक आले तर ठीक. इंटरनेटवर पटकन उघडावी म्हणून खास रचलेल्या फाइलीत दोन असणेही नेहमीचे आहे. त्याहून जास्त असतील तर आत जुन्या आवृत्त्या असण्याची दाट शक्यता आहे. `qpdf namuna.pdf navi.pdf` केल्यावर फाइल नव्याने लिहिली जाते आणि कुणीही न वापरलेले जुने तुकडे मागे सुटतात. ज्यांना या आज्ञा नकोत त्यांनी संपादकातल्या Save ऐवजी Save As वापरावे. त्याने बहुतेक प्रोग्राम संपूर्ण फाइल नव्याने लिहितात.

फसली तर काय करायचे

चौकट मोठी करून किंवा दुसरी चौकट टाकून काही साधत नाही. मजकूरच काढावा लागतो. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये त्यासाठी Redact हे साधन आहे. त्यात आधी जागा खुणावायच्या आणि मग Apply दाबायचे असते. नुसते खुणावून जतन केले तर अक्षरे जशीच्या तशी राहतात, आणि गडबडीत हीच पायरी सुटते. मॅकच्या प्रीव्ह्यूमध्येही Redact आहे. मोफत हवे असेल तर लिबरऑफिसमधले Redact वापरावे. ते पानाची चित्रे करून त्यावर चौकटी काढू देते आणि चित्रांचीच पीडीएफ बनवते. अशा फाइलीत शोध घेता येत नाही, दृष्टिहीन वाचकांना ती पडदावाचकाने वाचता येत नाही आणि तिचा आकार वाढतो. माहिती अधिकाराच्या उत्तरात ही गैरसोय अर्जदाराच्या वाट्याला येते, म्हणून मला हा पर्याय शेवटचा वाटतो.

मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर सर्वांत चांगला मार्ग तिथेच आहे. मूळ फाइलीची प्रत काढायची, गोपनीय शब्द पुसून त्याजागी ‘वगळले’ असे लिहायचे आणि मग पीडीएफ करायची. ‘ट्रॅक चेंजेस’ बंद आहे आणि आधीचे बदल स्वीकारलेले आहेत हे त्याआधी पाहावे. जे मूळ फाइलीतच नाही ते तिच्या पीडीएफमध्ये येऊ शकत नाही.

या मार्गाचा आणखी एक फायदा आहे, जो पीडीएफवर Redact वापरून मिळत नाही. अक्षरे काढली तरी चौकटीची रुंदी आणि पुढच्या शब्दांची नेमकी जागा शिल्लक राहते. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले की टंकातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी ठाऊक असल्याने उरलेल्या अंतरावरून झाकलेल्या नावाचे उमेदवार फार थोड्यांवर आणता येतात. इतिवृत्तात थकबाकीदाराचे नाव झाकले आणि संस्थेत चाळीसच सदस्य असले, तर त्या चाळीस नावांतली चौकटीत नेमकी बसणारी दोन-तीनच निघतात. सगळीकडे सारखाच ‘वगळले’ शब्द घालून ओळ नव्याने मांडली की मोजायला ते अंतरच उरत नाही.